लाल टोपी

पहिल्या वर्षाच्या जीएनएम नर्सिंगच्या मुली डमीभोवती कोंडाळं करून उभ्या होत्या. इन्सुलिन भरायचं कसं, ते मी दाखवत होते. ऑर्डर वीस युनिटची. बाटलीचं बूच स्पिरिटनं पुसलं, सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत हवा ओढली, ती बाटलीत सोडली आणि बाटली उलटी धरली. सतरा वर्षं झाली, हे माझे हात आपोआप करतात.

"मॅडम..."

आवाज मागून आला. सुरेखा, मंगळवेढ्याची. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही ओठ मिटून उभी राहणारी. तिचे पेपर मी तपासते, म्हणून तिला येतं हे मला ठाऊक होतं. कुणीतरी खुदकन हसलं. ती थांबली. मी बाटली खाली घेतली.

"बोल."

"मॅडम, बाटली शंभरची आहे." मग एका दमात, "सिरिंजची टोपी लाल आहे."

ट्रेमध्ये पाहिलं. टोपी लालच होती. चाळीसची सिरिंज. ट्रे मीच लावला होता, सकाळी घाईत. तुमचं लक्ष आहे का ते बघत होते, हे वाक्य अगदी जिभेवर आलं. पण म्हटलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "वीसच्या खुणेपर्यंत भरलं असतं तर पेशंटला किती गेलं असतं?"

ती फळ्याकडे गेली. खडू हातात थरथरत होता, आकडे मात्र नीट उमटले. या सिरिंजवर एक एमएलला चाळीस खुणा. वीसची खूण म्हणजे अर्धा एमएल. बाटलीत एका एमएलला शंभर युनिट. अर्ध्यात पन्नास.

वीसच्या जागी पन्नास. आता कुणी हसत नव्हतं.

"कुठं शिकलीस हे?"

ती खूप वेळ फळ्याकडेच बघत राहिली. "आजीला मीच देते. सरकारी दवाखान्यातली बाटली चाळीसची असायची. एकदा तिथं संपली होती, म्हणून दुकानातून आणली. ती शंभरची निघाली. सिरिंज घरातलीच." आवाज खाली गेला, पण बंद पडला नाही. "तिला दरदरून घाम फुटला. मला ओळखेना. शेजारच्या काकूंनी साखरपाणी पाजलं, मग रिक्षानं दवाखान्यात नेलं. वाचली. मी दिली होती, हे घरात कुणाला सांगितलं नाही अजून."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा ती बारावीत असणार, आणि तिला बाटलीवरचा आकडा कुणी कधी दाखवलाच नव्हता. तसं मी तिला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग कपाटातून शंभरची सिरिंज काढून तिच्या हातात दिली. "तू दाखव. मोठ्यानं म्हणत."

तिनं बाटली उजेडात धरली. "बाटली शंभरची. टोपी नारंगी. ऑर्डर वीस युनिट."

"मागं ऐकू येत नाही," मागची एक मुलगी म्हणाली.

सुरेखानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.