अँटिबायोटिक आणि आपण : डी.फार्म. द्वितीय वर्षासाठी प्रश्नावली

नाव लिहू नका, गुण नाहीत. जे खरं आहे तेच लिहा, आम्हाला तेच हवंय.

१. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ काय सांगते?

२. शेड्यूल एच-१ ची नोंदवही किती वर्षं जपावी लागते? १ / २ / ३ / माहीत नाही

३. वर्षभरात चिठ्ठीशिवाय स्वतः अँटिबायोटिक घेतलंत? कुणाच्या सांगण्यावरून?

४. उरलेल्या गोळ्या घरी कुठे असतात? डब्यात / कचऱ्यात / शेजाऱ्यांना दिल्या

५. तुम्ही दुकानात काउंटरवर आहात. रात्री नऊला ओळखीचे काका अझिथ्रोमायसिनची रिकामी स्ट्रिप पुढे ठेवतात : "मागच्या वेळची हीच दे रे, दोनच गोळ्या." असं घडलं तेव्हा तुम्ही काय केलंत? पुस्तकातलं उत्तर नको. सविस्तर लिहा, कागदाची मागची बाजू कोरी ठेवली आहे.