विषय: गच्चीचं वॉटरप्रूफिंग – ४३ मेलमधून काय ठरलं

सभासदहो,

पार्किंगचा वाद वगळून, कामाच्या क्रमाने:

१. ब्रिकबॅट कोबाच करायचा, नुसतं केमिकल कोटिंग नको. १० एप्रिलपर्यंत तीन कोटेशनं: सचिव.

२. खर्च दुरुस्ती निधीतून, आधी सर्वसाधारण सभेची मंजुरी. सभेची नोटीस: अध्यक्ष.

३. कोब्यावर सात दिवस पाणी साठवून चाचणी. छताला ओल आली का, हे रोज ७०२च्या काकू पाहतील. ओल दिसल्यास कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता खजिनदार रोखतील. (काकूंचंच छत गळतंय, त्यामुळे त्याला सवलत मिळणार नाही.)

सोलर पॅनल कोण हलवणार, हे ठरलेलं नाही. ३०१ने ‘बघतो’ लिहिलंय. तो मी होकार धरलेला नाही.

दुरुस्ती असल्यास गुरुवारपर्यंत कळवा. पार्किंगसाठी वेगळा मेल.

– सहसचिव