परत आलेली हार्ड डिस्क आमची नाही, रिफंड नाकारत आहोत (ऑर्डर क्र. ४११७)

नमस्कार सर,

४ टीबी हार्ड डिस्क "कॉम्प्युटरला दिसतच नाही" म्हणून तुम्ही परत पाठवलीत. पार्सल १४ जूनला आमच्या तापकीर गल्लीतल्या दुकानात पोचलं. त्यातली डिस्क आम्ही तुम्हाला विकलेली नाही, त्यामुळे ₹८,४९० चा रिफंड देता येणार नाही. कारण सविस्तर सांगतो, फोटो सोबत आहेत.

फोटो १ हा २ जूनचा, पॅकिंगच्या टेबलावरचा. डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर ZX40M7TQ. तोच तुमच्या बिलावर आणि खोक्यावरच्या स्टिकरवर आहे. फोटो २ परत आलेल्या डिस्कचा. खोकं आमचंच, पण आतल्या डिस्कवर ZX31K2DA. तिसऱ्या फोटोत दोन्ही लेबलं शेजारी ठेवली आहेत.

लेबल बदललेलं असू शकतं, म्हणून डिस्क मशीनला लावूनही पाहिली. ती लगेच दिसली. डिस्कच्या आतली नोंद वाचणाऱ्या smartctl या प्रोग्रामचं उत्तर असं आलं:

```
Serial Number:    ZX31K2DA
Power_On_Hours    13482
```

१३,४८२ तास म्हणजे साधारण दीड वर्ष अखंड चाललेली डिस्क. आमची सीलबंद डिस्क तुमच्याकडे जेमतेम नऊ दिवस होती, म्हणजे फार तर २१६ तास. फोटो ४ मध्ये स्क्रूची भोकं पाहा: कडेचा रंग उडालाय, आटे चकाकतायत. कॅबिनेटमध्ये कसून बसवल्याशिवाय असं होत नाही.

घरातली जुनी डिस्क चुकून खोक्यात गेली असेल, तर तसं कळवा. आम्ही वाईट वाटून घेणार नाही. आमची ZX40M7TQ परत पाठवा. ती खराब निघाली तर पूर्ण पैसे त्याच दिवशी. खराब माल परत घेणं हे विक्रेत्याचं कर्तव्यच आहे, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही ते आहे, आणि त्यातून आम्ही अंग काढत नाही. अदलाबदल वाटेत झाल्याचा संशय असेल, तर पिकअपच्या वेळचा फोटो पाठवा. आमच्या निळ्या टेपवर तपकिरी टेप चढलेली होती. ती तुम्ही लावलीत की कुरिअरवाल्याने, एवढं सांगितलंत तरी आम्ही कुरिअरकडे तक्रार करू. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ आमच्याकडे आहे, मागाल तेव्हा देऊ.

एक महत्त्वाचं. या डिस्कवर तुमचा डेटा असावा, पार्टिशन दिसतायत. आम्ही एकही फाइल उघडलेली नाही आणि काही पुसलेलंही नाही. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत वेगळी ठेवली आहे. पत्ता तोच असेल तर "हो" एवढं कळवा, उद्याच आमच्या खर्चाने पाठवतो.

आमचं दुकान छोटं आहे. एका डिस्कमागे दोनशे-अडीचशे रुपये सुटतात, त्यामुळे अशा एका पार्सलचा तोटा भरून काढायला पस्तीस-चाळीस डिस्क विकाव्या लागतात. हा निर्णय तुम्हाला पटला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करू शकता. हेच फोटो आणि व्हिडिओ आम्ही तिथेही देऊ.

आपला,
दुकानाचा मालक
तापकीर गल्ली, बुधवार पेठ, पुणे