क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्ये: कार्यक्रम-टिपण

मोझार्ट: क्लॅरिनेट क्विंटेट, ए मेजर, के. ५८१ (१७८९)
आलेग्रो – लार्गेत्तो – मेन्युएत्तो – आलेग्रेत्तो कोन व्हारियाझिओनी

‘के.’ म्हणजे कोखेल. मोझार्टच्या रचनांना ओपस क्रमांक, म्हणजे प्रकाशित रचनांना दिले जाणारे क्रमांक, सलगपणे मिळाले नव्हते, म्हणून लुडविग फॉन कोखेल यांनी १८६२ मध्ये त्यांची कालानुक्रमे सूची प्रसिद्ध केली. ही रचना आंटोन श्टाडलर या वादकासाठी लिहिलेली आहे. तिसऱ्या भागात दोन त्रिओ, म्हणजे मेन्युएत्तोच्या मधे येणारे वेगळ्या सुरावटीचे खंड, असून पहिल्यात क्लॅरिनेट पूर्ण मौन पाळते. वादक थांबला म्हणून भाग संपला, असे समजू नये.

मध्यंतर

ब्राम्स: क्लॅरिनेट क्विंटेट, बी मायनर, ओपस ११५ (१८९१)
आलेग्रो – आदाजिओ – आन्दान्तिनो – कोन मोतो

ओपस क्रमांक प्रकाशनाच्या क्रमाने पडतात, त्यामुळे त्यांवरून रचनेचे वर्ष ताडणे नेहमीच सुरक्षित नसते; येथे मात्र ११५ हा आकडा खरोखरच उत्तरायुष्याचा आहे. लेखन आवरते घेण्याच्या विचारात असलेल्या ब्राम्स यांना रिचर्ड म्यूलफेल्ड यांच्या वादनाने पुन्हा लिहिते केले. आदाजिओच्या मध्यभागी क्लॅरिनेटचे मुक्त, जवळजवळ उत्स्फूर्त वाटणारे आलाप आहेत, आणि या संध्येचा सर्वांत समृद्ध भाग, आमच्या मते, तोच होय. शेवटच्या भागातील पाच रूपभेदांनंतर पहिल्या भागाची सुरुवातीची सुरावट पुन्हा ऐकू येते.