गोलकीपर सराव: १२ वर्षांखालील ६ मुलं, १ तास
इंदूर, ऑक्टोबर, सकाळी ६.३० ते ७.३०

सामान: ४ नंबरचे ६ बॉल, २२ मीटर दोरी, फावडं. गोल १६ बाय ७ फुटांचा. पाऊस सरला की इथली काळी माती दगडासारखी होते, म्हणून डायव्ह फक्त लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात. वाळू आधी उकरून खडे-काचा वेचा. मुलांना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट हवी.

वॉर्मअप, १० मिनिटं. बाजूला सरकताना पाय एकमेकांना चिकटू नयेत, त्यांची फुली होऊ नये.

हँडलिंग, १५ मिनिटं. जोड्या, ५ मीटर अंतर, प्रत्येक प्रकाराचे १० झेल. छातीच्या वरचा बॉल शरीरापुढे पकडायचा: अंगठे जवळ, बोटं पसरलेली, तळवे बॉलच्या मागे, मग छातीशी ओढायचा. पोटाच्या उंचीचा बॉल तळवे वर, कोपर जवळ ठेवून कवेत घ्यायचा. जमिनीवरच्या बॉलसाठी एक गुडघा आडवा टेकवा. तो आणि दुसरी टाच यांत बॉल निसटेल एवढी फट नको. इथे बॉल टप्पा खाऊन उडतो, तेव्हा हात चुकले तरी मागे अंग असतं. झेल सुटला तर आधी नजर बघा. मूल बहुतेक वेळा बॉल हातात येण्याआधीच कुठे फेकायचा ते शोधत असतं.

जागा, १५ मिनिटं. दोरीची टोकं दोन्ही पोस्टना बांधा, मध्य १० मीटरवरच्या बॉलपाशी धरा. गोलकीपर दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मधे. बाकीच्यांना बॉलमागे उकिडवं बसवून विचारा, ‘गोल किती दिसतो?’ गोलकीपर दोन पावलं पुढे आला की गोल झाकला जातो; फार पुढे आला की डोक्यावरून वाट मोकळी. मारणाऱ्याचा पाय मागे गेला की ‘थांब!’ चालता गोलकीपर वळू शकत नाही.

डायव्ह, १५ मिनिटं. बसून, गुडघ्यांवर, उकिडवं, मग उभ्याने. प्रत्येक बाजूला ६-६, कच्च्या बाजूने सुरुवात. एक पायरी नीट जमेपर्यंत पुढची नाही, मग कुणी उभ्याने नाही पोचलं तरी चालेल. बॉलकडचा पाय तिरका पुढे, त्याच्या मागोमाग हात: एक बॉलच्या मागे, दुसरा वर, खालून जमीन. टेकायचा क्रम पोटरी, मांडी, कंबर, खांदा. कोपर आधी टेकलं तर दुखापत होते आणि बॉलही सुटतो. पोटावर पडणारं मूल घाबरलेलं असतं. रागावू नका, एक पायरी मागे न्या. मागच्या दिशेने डायव्ह दिसला तर पहिलं पाऊल तपासा, ते आडवं किंवा मागे पडलेलं असतं.

शेवटची ५ मिनिटं खेळ, वाळूतच. बॉल हाताने, हळू, शरीरापासून दीड मीटरच्या आत टाका. पायांनी पोचून झेलला तर २ गुण, डायव्ह मारून झेलला तर १.