प्रयोगाची आखणी: नॉकआउट आणि अतिअभिव्यक्ती (लेखी परीक्षा)

वेळ: दीड तास  एकूण गुण: ४०

सूचना: सर्व प्रश्न सोडवा. कंट्रोलचे नुसते नाव लिहिल्यास गुण नाहीत. तो कोणती शंका मिटवतो, तेही लिहा. 'निगेटिव्ह कंट्रोल घ्यावा' हे उत्तर धरले जाणार नाही.

प्र. १ (१४ गुण)
एका संशोधिकेने क्रिस्पर-कॅस९ वापरून मानवी पेशींमधील 'क' या कायनेजचे जनुक निकामी केले. गाइड आरएनए एकच, क्लोनही एकच. तुलनेला तिने हात न लावलेल्या मूळ पेशी घेतल्या. क्लोनची वाढ निम्म्यावर आली, म्हणून 'वाढीसाठी क आवश्यक आहे' असा निष्कर्ष तिने काढला.

(अ) 'क'चा काडीमात्र संबंध नसतानाही हाच निकाल येऊ शकेल, अशी तीन कारणे द्या. (३)
(आ) कुठेच न कापणारा गाइड आणि निरुपद्रवी ठिकाणी डीएनए कापणारा गाइड, यांपैकी इथे कोणता कंट्रोल अधिक उपयोगी? का? (३)
(इ) रेस्क्यूसाठी 'क'चा सीडीएनए परत घालायचा आहे, पण पेशींत कॅस९ आणि गाइड अजून कार्यरत आहेत. सीडीएनएमध्ये कोणता बदल कराल? कायनेज-क्रिया नसलेल्या रूपानेही वाढ पूर्ववत झाली, तर काय समजाल? (५)
(ई) क्यूपीसीआरमध्ये 'क'चा एमआरएनए जवळजवळ तेवढाच दिसतो. नॉकआउट फसले असे म्हणाल का? पुढची चाचणी कोणती? (३)

प्र. २ (१२ गुण)
'ट' हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर जोरकस प्रमोटरखाली, नेहमीच्या ४० पट प्रमाणात तयार केला. पेशी मेल्या. कंट्रोल म्हणून फक्त ट्रान्सफेक्शन रिएजंट दिलेल्या पेशी होत्या.

(अ) रिकामा व्हेक्टर, जीएफपी बनवणारा व्हेक्टर आणि डीएनएला न चिकटणारा 'ट': प्रत्येकातून काय कळेल, जे उरलेल्या दोहोंतून कळणार नाही? (६)
(आ) 'ट' मुळे पेशी मरतात की कोणतेही प्रथिन इतके साठल्यामुळे, हे ठरवण्यासाठी डॉक्सिसायक्लिनने चालू होणाऱ्या प्रणालीत प्रयोग आखा. डॉक्सिसायक्लिन मायटोकॉन्ड्रियावर परिणाम करते, हे विसरू नका. (६)

प्र. ३ (१० गुण)
टॅमॉक्सिफेनने चालू होणारे क्रे आणि दोन्ही फ्लॉक्स्ड अलील असलेल्या ३ उंदरांना टॅमॉक्सिफेन दिले. तुलनेला दुसऱ्या वसाहतीतले ३ वाइल्ड-टाइप उंदीर. त्यांना नुसते तेल. प्रत्येक उंदराच्या ६० पेशी मोजून गटागणिक n = १८० धरले.

(अ) n किती? एका वाक्यात कारण द्या. (२)
(आ) एकूण चारच गट ठेवण्याची परवानगी आहे. कोणते ठेवाल? जो गट नाइलाजाने गाळलात, त्यामुळे कोणता दावा करता येणार नाही, ते प्रामाणिकपणे लिहा. याच भागाला सर्वाधिक गुण आहेत. (८)

प्र. ४ (४ गुण)
एसआयआरएनएने जनुक दाबले की दोष दिसतो. नॉकआउटमध्ये दिसत नाही. दोन्ही निकाल खरे असू शकतात का? तुमचे म्हणणे खोटे ठरवू शकेल असा एक प्रयोग सुचवा.