पाण्यातील रिकाम्या गोल पोकळीचा मिटण्याचा काळ: ऊर्जेच्या हिशोबातून

मालीमच्या जेटीवर दुरुस्तीसाठी वर ओढलेल्या ट्रॉलरच्या पंख्याची पाती जवळून पाहिली, तर काही पात्यांवर धातू टोचून काढल्यासारखे बारीक खड्डे आढळतात. असे खड्डे पडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याजवळ दाब उतरल्यामुळे पाण्यात तयार होणाऱ्या आणि लगेच मिटणाऱ्या पोकळ्या. अशी एक पोकळी मिटायला किती वेळ लागतो, याचे उत्तर लॉर्ड रेले यांनी १९१७ साली दिले. तृतीय वर्ष बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी ती मांडणी येथे पायरीपायरीने दिली आहे.

अमर्याद पसरलेल्या, स्थिर पाण्यात a त्रिज्येची पूर्णपणे रिकामी गोल पोकळी आहे, असे मानू. दूरच्या पाण्याचा दाब p असून तो बदलत नाही. पाणी असंपीड्य आहे, त्याची घनता ρ आहे, आणि श्यानता व पृष्ठताण आपण सोडून देत आहोत. एखाद्या क्षणी त्रिज्या R असून पोकळीची भिंत V वेगाने आत सरकत असेल, तर प्रत्येक समकेंद्री गोलातून एका सेकंदात तेवढेच पाणी आत गेले पाहिजे. म्हणून केंद्रापासून r अंतरावरील पाण्याचा वेग असा येतो:

u = V R²/r²

पोकळीत काहीच नसल्याने सगळी गतिज ऊर्जा भोवतालच्या पाण्यात असते. ती मिळवण्यासाठी R पासून अनंतापर्यंत संकलन करायचे:

K = ∫ ½ρu² · 4πr² dr = 2πρR³V²

येथे क्षणभर थांबणे योग्य ठरेल. पाणी अमर्याद असूनही ऊर्जा मर्यादित येते, कारण r वाढेल तसा वेगाचा वर्ग r च्या चौथ्या घातानुसार घटतो. R पासून r पर्यंतच्या पाण्यात एकूण ऊर्जेचा 1 − R/r एवढा वाटा असतो. म्हणजे निम्मी ऊर्जा केंद्रापासून 2R अंतराच्या आतच सामावलेली असते. पोकळी लहान होत जाते तसे हे क्षेत्रही तिच्याबरोबर आक्रसत जाते, आणि या घटनेतील विध्वंसक शक्तीचे मूळ तेथेच आहे.

ही ऊर्जा दूरच्या दाबाने केलेल्या कार्यातून येते. पाणी दाबले जात नसल्यामुळे पोकळीचे घनफळ जेवढे घटते, तेवढेच घनफळ एखाद्या अतिविशाल गोलाच्या पृष्ठातून आत येते, आणि तेथे दाब p असतो:

W = (4/3)πp(a³ − R³)

सुरुवातीला सर्व काही स्थिर होते, म्हणून K = W मांडल्यास

V² = (2p/3ρ)(a³/R³ − 1)

आता dt = −dR/V (V हा आत जाण्याचा वेग धन मानून) आणि x = R/a घेतल्यास पूर्ण मिटण्याचा काळ मिळतो:

T = a √(3ρ/2p) ∫₀¹ x^(3/2) (1 − x³)^(−1/2) dx

x³ = y हा बदल केला की हे संकलन ⅓B(5/6, 1/2) होते आणि त्याची किंमत सुमारे 0.747 येते. म्हणून

T ≈ 0.915 a √(ρ/p)

गोड्या पाण्यात, वातावरणाच्या दाबाखाली (१.०१३ × १०⁵ पास्कल), १ मिलिमीटर त्रिज्येची पोकळी सुमारे ९१ मायक्रोसेकंदांत मिटते. या आकाराला पृष्ठताणाचा दाब केवळ १४४ पास्कल असल्यामुळे तो सोडून दिल्याने काही बिघडत नाही.

या काळाची विभागणी मात्र अत्यंत विषम आहे. त्रिज्या निम्मी व्हायलाच सुमारे ९० टक्के वेळ जातो, तर त्रिज्या एक-दशांश झाल्यानंतर उरतो तो जेमतेम ०.१७ टक्के. त्या क्षणी भिंतीचा वेग सेकंदाला सुमारे २६० मीटर असतो. त्रिज्या मूळच्या एक-बत्तिसांशापर्यंत आली की सूत्र पाण्यातील ध्वनिवेगाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, वेग दाखवते. तेथे पाणी असंपीड्य मानणे चुकीचे ठरते आणि शेवटचा अनंत वेग भौतिकदृष्ट्या स्वीकारता येत नाही. तरीही T ची किंमत विश्वसनीय राहते, कारण जेथे गृहीतक मोडते तो टप्पा एकूण काळाचा नगण्य भाग आहे. विद्यार्थ्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते: एकाच सूत्रातून निघालेल्या दोन निष्कर्षांवर सारखाच विश्वास ठेवता येईल असे नाही.

समुद्रातील पोकळी खरोखर रिकामी नसते, तिच्यात पाण्याची वाफ असते. ३० अंश सेल्सिअसला वाफेचा दाब सुमारे ४.२ किलोपास्कल असतो आणि तो p मधून वजा करावा लागतो. पृष्ठभागाखाली ३ मीटर खोलीवर, घनता १,०२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर घेतल्यास, प्रभावी दाब सुमारे १२७ किलोपास्कल येतो आणि १ मिलिमीटरच्या पोकळीचा काळ सुमारे ८२ मायक्रोसेकंद होतो. पात्याला अगदी लागून असलेली पोकळी मात्र मिटताना गोल राहत नाही; तिच्यातून पाण्याची बारीक धार पात्याच्या दिशेने घुसते, आणि तिच्यासाठी गोलीय सममितीवर आधारलेले हे सूत्र काळाचा केवळ अंदाज देते.